पुस्तक मिटून बस: एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला निघालेल्या भावाला ताईचं पत्र

प्रिय ओंकार,

परवा फोनवर तू दोनच गोष्टी विचारल्यास. कुठली पुस्तकं घेऊ, आणि रोज किती तास बसू? पुस्तकांचं उत्तर सोपं आहे. लायब्ररीत प्रत्येक विषयाची तीन-चार पुस्तकं असतात. पहिले पंधरा दिवस काहीही विकत न घेता तिथे बसून चाळ. ज्याची भाषा आणि आकृत्या तुला कळतात ते एक घे आणि वर्षभर तेच वापर. सीनिअर सांगतील म्हणून चार घेऊ नकोस, बाबा नको म्हणणार नाहीत हे मला माहीत आहे, पण तरी घेऊ नकोस.

तासांचं उत्तर मात्र मी देणार नाही, कारण तासांवर काही ठरत नाही. आमच्याकडे वॉर्डात पोस्टिंगला येणाऱ्या पोरांना मी काही विचारलं की बहुतेक जण म्हणतात, "मॅडम, वाचलंय, आत्ता आठवत नाहीये." खोटं बोलत नाहीत ते. खरंच वाचलेलं असतं, कित्येकदा तीन-तीन वेळा. पण पुस्तक मिटल्यावर काय उरलं, हे त्यांनी कधी तपासलेलंच नसतं. म्हणून या पत्रात एकच गोष्ट नीट सांगते: पुस्तक मिटून अभ्यास कसा करायचा. उदाहरणाला अ‍ॅनाटॉमीतली एकच नर्व्ह घेते, काखेतून हाताच्या मागच्या बाजूने खाली जाणारी रेडियल नर्व्ह. बऱ्याच कॉलेजांत डिसेक्शनची सुरुवात हातापासून, म्हणजे अप्पर लिंबपासून होते, त्यामुळे तुला ती लवकरच भेटेल. आणि मी हाडांची डॉक्टर, तिच्याशी माझी रोजची गाठ.

नीटची सवय आधी मोड

दोन वर्षं तू ज्या परीक्षेची तयारी केलीस तिच्यात उत्तर समोर छापलेलं असायचं. चार पर्यायांतलं ओळखीचं कुठलं, एवढंच ठरवायचं होतं. त्यामुळे तुझ्या डोक्याला ओळखण्याची सवय लागली आहे. पान बघितलं, ओळखीचं वाटलं, की आलं म्हणायचं आणि पुढे जायचं. इथे एमसीक्यू असतात, पण थोडे. बाकी पेपरात कोरी जागा असते आणि तिच्यावर तुला स्वतःच्या डोक्यातून काढून लिहायचं असतं. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, तर कागदही नसतो. समोर परीक्षक, टेबलावर हाड, आणि "हं, सांगा."

ओळखणं आणि आठवणं यात केवढा फरक आहे, यावर एक साधा प्रयोग झालेला आहे. अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांना विज्ञानाचे छोटे उतारे दिले. काहींनी उतारा दोनदा वाचला. काहींनी एकदा वाचला आणि दुसऱ्या वेळी न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने विचारलं तर पारडं फिरलं होतं. दोनदा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना ५६. हे २००६ साली छापून आलं.

यातला पाच मिनिटांचा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. रात्री परत वाचल्यावर जे "झालं रे एकदाचं" असं वाटतं ना, ते त्या वेळेपुरतं खरंच असतं. म्हणूनच माणूस फसतो. पार्ट एंडिंग, म्हणजे एक भाग शिकवून झाला की होणारी परीक्षा, मात्र आठवड्याने असते.

आदल्या रात्री पंधरा मिनिटं

दुसऱ्या दिवशी डिसेक्शनला काय आहे हे टाइमटेबलवर असतं. आदल्या रात्री पूर्ण चॅप्टर वाचायचा नाही. फक्त आकृत्या बघायच्या आणि उद्या टेबलावर कुठल्या तीन गोष्टी शोधायच्या ते चिठ्ठीवर लिहायचं. उदाहरणार्थ, दंडाच्या मागच्या भागाचं डिसेक्शन असेल तर: एक, ट्रायसेप्सची तीन हेड्स. दोन, ह्यूमरसच्या, म्हणजे दंडाच्या हाडाच्या, मागून तिरकी जाणारी रेडियल नर्व्ह. तीन, तिच्याबरोबर जाणारी प्रोफंडा ब्रेकाय आर्टरी. बस. चिठ्ठी एप्रनच्या खिशात.

हे न करता गेलास तर काय होतं ते सांगते. एका टेबलाभोवती वीस-एक पोरं असतात, डिमॉन्स्ट्रेटर भराभर दाखवतात, फॉर्मलिनने डोळे चुरचुरतात आणि तुला समोर सगळं एकाच मळकट रंगाचं दिसतं. पुस्तकात नर्व्ह पिवळी असते, आर्टरी लाल, व्हेन निळी. कॅडॅव्हरमध्ये असं काही नसतं. तिथे बोटांनी ओळखायचं. चिमटीत धरून हलकेच फिरवून बघ. आर्टरी पोकळ लागते, भिंत जाड असते, दाबून सोडली की पुन्हा गोल होते. व्हेन पातळ आणि चपटी असते, कधी आत काळपट गुठळी असते. नर्व्ह भरीव दोरीसारखी लागते, आणि तिच्यावर लांबीच्या दिशेने जाणारे धागे दिसतात.

ट्रायसेप्सचं लाँग हेड आणि लॅटरल हेड वेगळं केलं की खोल हाडाला चिकटून जाणारी ती दोरी सापडते. सापडली की तिथेच थांबू नकोस. बोट तिच्यावरून वर काखेपर्यंत ने आणि खाली कोपराच्या बाहेरच्या बाजूपर्यंत आण. वाटेत तिच्यातून कुठे काय निघतं ते बघ. विशेषतः ट्रायसेप्सला जाणाऱ्या फांद्या किती वरूनच सुटतात हे डोळ्यांनी बघून ठेव, पुढे त्याचाच उपयोग आहे. तुझ्या टेबलावर पुस्तकासारखं सापडलं नाही तर शेजारच्या टेबलावर जाऊन बघ. माणसामाणसांत फरक असतात, व्हेन्समध्ये तर फारच.

आणि तिथे फोटो काढायचे नाहीत, थट्टा करायची नाही. ज्या माणसाने देहदान केलं त्याच्यासमोर तुम्ही पहिल्या दिवशी शपथ घ्याल. ती नुसती म्हणायची नसते.

त्याच संध्याकाळी कोरा कागद

आता मुख्य काम. संध्याकाळी तेवढाच भाग पुस्तकातून वीस-पंचवीस मिनिटं नीट वाच. मग पुस्तक मिट, शक्यतो खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेव. एक कोरा पाठकोरा कागद घे आणि निळ्या पेनाने रेडियल नर्व्ह काढ. उगमापासून शेवटापर्यंत, आठवेल तशी, आठवेल तेवढी. चित्र वेडंवाकडं चालेल. अडलास तरी लगेच पुस्तक उघडायचं नाही. दोन मिनिटं तसंच बस. ती दोन मिनिटं फार जड जातात आणि हात आपोआप पुस्तकाकडे जातो, पण सगळं काम त्या दोन मिनिटांत होतं. मग पुस्तक उघड आणि जे चुकलं, राहिलं ते त्याच कागदावर लाल पेनाने घाल.

पहिल्या दिवशी तुझ्या कागदावर काय असेल ते मी आत्ताच सांगू शकते. वर पोस्टीरिअर कॉर्ड, रूट व्हॅल्यू सी ५ ते टी १, तिथून खाली एक सरळ रेघ, आणि रेघेशेजारी स्नायूंच्या नावांची यादी. यादी बरोबरही असेल. पण कुठली फांदी कुठल्या उंचीवर निघते हे त्यात नसेल. आणि नर्व्हच्या बाबतीत तेच तर महत्त्वाचं, कारण पेशंटची नर्व्ह यादीत तुटत नाही, एका जागी तुटते.

म्हणून लाल पेनाने त्या रेघेवर तीन खुणा कर. एक काखेत, एक ह्यूमरसच्या मागच्या स्पायरल ग्रूव्हमध्ये, एक कोपराच्या खाली, जिथे नर्व्हचे दोन भाग झालेले असतात. आता प्रत्येक खुणेवर नर्व्ह कापली गेली असं समज आणि स्वतःला विचार, या माणसाला काय करता येणार नाही? आणि त्याहून महत्त्वाचं, काय करता येईल?

काखेत दाब आला, समज चुकीच्या उंचीची कुबडी महिनोन्महिने काखेत रुतली. तिथे नर्व्हची सुरुवातच आहे, म्हणजे जवळजवळ सगळ्या फांद्या खाली. ट्रायसेप्स गेला, कोपर जोर लावून सरळ करता येत नाही. मनगट उचलत नाही, बोटं उचलत नाहीत.

आता स्पायरल ग्रूव्ह. ह्यूमरस मधोमध मोडला, किंवा कुणी दारू पिऊन खुर्चीच्या पाठीवर दंड टाकून रात्रभर झोपला. मनगट लोंबतं, त्याला रिस्ट ड्रॉप म्हणतात. पण कोपर सरळ करता येतं. का? डिसेक्शनच्या वेळी बघितलंस ना, ट्रायसेप्सच्या फांद्या बहुतेक वरच सुटून गेलेल्या असतात. हाताच्या मागच्या बाजूला, अंगठा आणि पहिल्या बोटाच्या बेचक्यात, बधिरपणा असतो. पण तो छोट्याशा जागेत असतो, कारण शेजारच्या नर्व्हज् थोडं थोडं क्षेत्र सांभाळून घेतात.

तिसरी खूण कोपराच्या खाली, खोल जाणाऱ्या फांदीवर. इथे गंमत आहे. मनगट पूर्ण लोंबत नाही. एक्स्टेन्सर कार्पाय रेडिअ‍ॅलिस लाँगसची फांदी कोपराच्या वरच निघालेली असते, त्यामुळे अंगठ्याच्या बाजूने मनगट उचलणारा स्नायू शाबूत असतो. करंगळीच्या बाजूचा मात्र गेलेला असतो. त्यामुळे पेशंट मनगट उचलतो तेव्हा हात तिरका, अंगठ्याकडे जातो. बोटं मुठीच्या गाठींपाशी उचलली जात नाहीत. आणि बधिरपणा नसतो, कारण त्वचेकडे जाणारी वरवरची फांदी आधीच वेगळी झालेली आहे.

बघ, पाठांतर कितीसं लागलं? जखमेच्या वर निघालेली फांदी वाचते, खाली निघालेली जाते. एवढं कळलं आणि फांद्यांची उंची माहीत असली की तिन्ही उत्तरं आपोआप येतात. हातातल्याच मीडियन आणि अल्नर नर्व्ह, पुढे चेहऱ्याची फेशियल नर्व्ह, सगळीकडे हाच हिशेब चालतो.

आता लगेच स्वतःच्या हातावर करून बघ. मनगट पूर्ण खाली वाकव आणि तसंच ठेवून मूठ घट्ट आवळ. आवळली जात नाही. मित्राला त्या मुठीतलं पेन ओढायला सांग, सहज निघेल. म्हणजे रिस्ट ड्रॉप झालेल्या माणसाची पकडही सैल होते, बोटं मिटणाऱ्या स्नायूंच्या नर्व्हज् पूर्ण चांगल्या असूनही. हे पुस्तकात एका ओळीत असतं आणि त्या ओळीवरून सगळे घसरून पुढे जातात. स्वतःच्या मनगटावर केलंस तर विसरणार नाहीस. तसंच अंगठा ताठ वर कर. मनगटापाशी अंगठ्याच्या मुळाशी जी टेंडन दोरीसारखी वर येते तिच्यावरून नख आडवं हलकेच फिरव. बारीक धागा सरकल्यासारखा लागेल. ती रेडियल नर्व्हची वरवरची फांदी.

हे पुढे कुठे लागतं

आमच्याकडे एक तरुण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडून आला होता. ह्यूमरसचं फ्रॅक्चर, मधल्या एक तृतीयांश भागात. प्लास्टर घालायच्या आधी नर्व्ह तपासून केसपेपरवर लिहायची असते. इंटर्नने त्याला सांगितलं, "बोटं सरळ करून दाखवा." त्याने बोटांची पेरं सरळ केली. इंटर्न "नर्व्ह नॉर्मल" लिहायला लागला.

पेरं सरळ करायला हाताच्या पंज्यातले छोटे स्नायू, लम्ब्रिकल्स आणि इंटरॉसाय, पुरतात. त्यांना नर्व्ह मिळते अल्नर आणि मीडियनकडून. रेडियलचा तिथे संबंध नाही. मी पेशंटच्या मनगटाखाली माझा हात आधाराला धरला आणि सांगितलं, "आता मुठीच्या गाठींपासून बोटं वर उचला." उचलली नाहीत. आधार काढला तर पंजा खाली पडला. मग आम्ही प्लास्टरच्या आधी रिस्ट ड्रॉप असल्याची नोंद केली, वेळ घालून. ती नोंद नसती आणि प्लास्टरनंतर मनगट लोंबताना दिसलं असतं, तर नर्व्ह पडताना दुखावली की आम्ही हाड ओढताना, हे कुणीच सांगू शकलं नसतं.

इंटर्नला स्नायूंची यादी पाठ होती. विचारल्यावर घडाघडा म्हणून दाखवली. त्याने फक्त कधी स्वतःला असं विचारलं नव्हतं की कुठली हालचाल रेडियल नर्व्हशिवायही होऊ शकते.

प्रश्नांची वही

आता हे टिकवायचं कसं? सुबक नोट्स काढायच्या नाहीत. चार रंगांत पुस्तक पुन्हा उतरवण्यात तासन् तास जातात आणि हात चालतो, डोकं स्वस्थ बसतं. त्याऐवजी एक दोनशेपानी वही घे. डाव्या बाजूला प्रश्न लिहायचा, उजव्या बाजूला फक्त पुस्तकाचा पान क्रमांक. उत्तर लिहायचंच नाही. उत्तर शेजारी असलं की डोळा तिकडे जातो आणि पुन्हा ओळखण्याचा खेळ सुरू होतो.

प्रश्न कसा असावा? "रेडियल नर्व्हची माहिती लिहा" हा वहीसाठी वाईट प्रश्न, कारण अर्धवट उत्तर दिलं तरी आलं असं वाटतं. "ह्यूमरस मधोमध मोडलेल्या माणसाला कोपर सरळ का करता येतं?" हा चांगला, कारण यात एक तर येतं नाहीतर येत नाही. "रेडियल नर्व्ह गेल्यावर पकड सैल का होते?" हाही चांगला. रोजचे अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि बायोकेमिस्ट्री हे तिन्ही विषय मिळून आठ-दहा प्रश्न पुरे.

प्रत्येक प्रश्न त्याच रात्री एकदा, मग तिसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने विचारायचा. उत्तर तोंडाने मोठ्याने द्यायचं किंवा कागदावर खरडायचं. मनात "हो, येतंय" म्हणणं धरायचं नाही. नीट आलं तर बरोबरची खूण, अडखळत आलं तर टिंब, नाही आलं तर फुली. फुली मिळालेला प्रश्न पुन्हा तिसऱ्या दिवसाच्या रांगेत येतो. ओळीने तीन वेळा बरोबर आलेला प्रश्न आता थेट इंटर्नल परीक्षेच्या आधी बघायचा, रोज कुरवाळत बसायचा नाही. सोपं येतं तेच पुन्हा पुन्हा करावंसं वाटतं, तिथे स्वतःवर लक्ष ठेव.

पद्धत बिघडल्याचं एक लक्षण सांगून ठेवते. काही दिवसांनी तुला नर्व्ह आठवत नसते, पानाचं रूप आठवत असतं. डावीकडे वर आकृती, खाली निळी चौकट, तिच्यात चौथ्या ओळीवर उत्तर. हे ओळखायचं असेल तर उलट्या टोकाने सुरू कर. आज नर्व्हपासून स्नायूंकडे गेलास, उद्या स्नायूपासून नर्व्हकडे ये: मनगट उचलणारे कोण, त्यातला प्रत्येक कुणाकडून पुरवला जातो, ती फांदी कुठे निघते? उलटं जाता आलं नाही तर फुली मार, मग आदल्या दिवशी कितीही छान आलेलं असो.

आणि मागे पडशील. सगळे पडतात, फ्रेशर्स असतात, गॅदरिंग असतं, ताप येतो. मागे पडल्यावर पहिल्यापासून सुरू करायचं नाही. आज वर्गात जे चाललंय ते आजच कर, आणि राहिलेल्या भागाला रविवारची सकाळ दे. जुनं संपवून मग नवं घेईन म्हणणारा कायम पंधरा दिवस मागे राहतो आणि डिसेक्शनला काहीच न वाचता उभा असतो.

बाकीचे दोन विषय

फिजिऑलॉजीला चित्राऐवजी बाण काढ. "रक्तदानात ३५० मिली रक्त गेलं तरी माणूस चालत घरी कसा जातो?" असा प्रश्न घे आणि कोऱ्या कागदावर एकामागून एक बाण काढत जा. हृदयाकडे परतणारं रक्त कमी, दाब किंचित कमी, मानेतल्या कॅरोटिड सायनसच्या, दाब ओळखणाऱ्या बॅरोरिसेप्टर्सकडून मेंदूला कमी संदेश, सिम्पथेटिक वाढली, ठोके वाढले, व्हेन्स आवळल्या, दाब सावरला. मग साखळीतला एक बाण मोडून बघ. हा माणूस बीटा ब्लॉकरच्या गोळ्या घेत असेल तर? ठोके हवे तेवढे वाढणार नाहीत. बाण मोडून पुढचं सांगता आलं म्हणजे तो भाग तुला कळला.

बायोकेमिस्ट्रीतल्या लांबलचक साखळ्यांची सगळ्यांना धास्ती असते. पहिल्या प्रयत्नात ग्लायकॉलिसिसच्या दहाच्या दहा पायऱ्या लिहायला जाऊ नकोस. आधी ज्या तीन पायऱ्या उलट फिरत नाहीत त्यांची एन्झाइम्स कोऱ्या कागदावर मांड: हेक्झोकायनेज, फॉस्फोफ्रुक्टोकायनेज, पायरुव्हेट कायनेज. मग मधल्या पायऱ्या भर. आणि जमेल तिथे लॅबला जोड. शुगरसाठी रक्त घ्यायच्या राखाडी बुचाच्या बल्बमध्ये सोडियम फ्लोराइड का असतं? ते इनोलेजला अडवतं. नाहीतर बल्बमधल्या पेशी ग्लुकोज खात राहतात आणि रिपोर्ट यायचा त्यापेक्षा कमी येतो. इनोलेज कितव्या पायरीवर आहे हे मग वेगळं पाठ करावं लागत नाही.

जिथे ही पद्धत अपुरी पडते ती दोन ठिकाणंही सांगते. हिस्टॉलॉजीच्या स्लाइड्स आणि स्पॉटर्स यांत ओळखणंच परीक्षेत असतं. तिथे एकाच अवयवाच्या वेगवेगळ्या स्लाइड्स मायक्रोस्कोपखाली भरपूर बघाव्या लागतात. एकच स्लाइड पुन्हा पुन्हा बघितलीस तर तिच्यावरचा डाग पाठ होतो. दुसरं, जे मुळात समजलेलंच नाही ते कोऱ्या कागदावर उतरणार नाही. दोन प्रयत्नांत कागद कोराच राहिला तर सरळ डिमॉन्स्ट्रेटरकडे जा. ते ओरडतील अशी सीनिअर भीती घालतात. त्यांना प्रश्न घेऊन येणारी पोरं आवडतात, मी दोन्ही बाजूंनी बघितलंय.

व्हायवा

येणारी उत्तरं व्हायवात अडतात, कारण ती आयुष्यात पहिल्यांदा तोंडातून बाहेर पडत असतात. म्हणून हाडं हातात घेऊन बोलायचा सराव कर. बोन सेट सीनिअरकडून घे, नवा विकत घेऊ नकोस.

परीक्षकाने ह्यूमरस हातात दिला की आधी बाजू ठरवायची, तोंड नंतर उघडायचं. गोल डोकं वर आणि आतल्या बाजूला, खालच्या टोकाची मोठी खोल खाच, ऑलिक्रेनन फॉसा, मागे. असं धरून हाड स्वतःच्या दंडाला लाव. ज्या दंडाला नीट बसेल ती बाजू. मग तसंच धरून ठेव. बरीच पोरं बाजू बरोबर सांगतात आणि पुढच्या प्रश्नाला हाड उलटं धरून बोलतात. पुढचा प्रश्न बहुतेक "या हाडाला लागून कुठल्या नर्व्हज् जातात?" हा असतो. बोट ठेवून दाखव: वर सर्जिकल नेकपाशी अ‍ॅक्झिलरी, मागे स्पायरल ग्रूव्हमध्ये रेडियल, खाली मीडियल एपिकाँडाइलच्या मागे अल्नर. आणि प्रत्येकीला एक वाक्य जोड, तिथे हाड मोडलं तर काय होईल.

तू मराठी माध्यमातला, इंग्रजीचं दडपण येणार. सुरुवातीला कारण मराठीतच मोठ्याने सांग, रूममेटला किंवा भिंतीला. कारण जुळलं की मग तेच इंग्रजीत, छोट्या वाक्यांत. आधी इंग्रजी वाक्य पाठ केलंस तर मधला एक शब्द निसटला की सगळं अडतं. लेखी पेपरात नर्व्हचं उत्तर नेहमी त्याच क्रमाने लिही: उगम, मार्ग, फांद्या, अप्लाइड. आणि आकृती पहिल्या पानावर, नावं दिलेली, शेवटी वेळ उरला तर काढू म्हणून ठेवायची नाही.

थोडं किरकोळ

हजेरी थिअरीला ७५ टक्के आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के लागते, ती वर्षअखेरीला भरून निघत नाही. जर्नलवर सही त्याच आठवड्यात घे. पार्ट एंडिंगच्या आदल्या रात्री जागू नकोस, त्या रात्री नवीन काही डोक्यात जात नाही आणि आहे तेही सकाळी हाताला लागत नाही. गटाने अभ्यास करायचा तर तिघांपेक्षा जास्त नको, आणि गटात वाचायचं नाही, फक्त एकमेकांना प्रश्न विचारायचे. मोबाइलवर लेक्चर बघितलंस तरी ते वाचण्यातच धर. कोरा कागद त्यानंतरही लागतोच.

हाताच्या नर्व्हज् ज्या जाळ्यातून निघतात ते ब्रेकियल प्लेक्सस शिकवलं की त्याच दिवशी पुस्तक मिटून एका पानावर काढ: पाच रूट्स, तीन ट्रंक्स, सहा डिव्हिजन्स, तीन कॉर्ड्स, शेवटच्या पाच नर्व्हज्. मग अप्पर ट्रंकवर, सी ५ आणि सी ६ जिथे एकत्र येतात तिथे, लाल फुली मार आणि मोटरसायकलवरून खांद्यावर पडलेल्या माणसाचा हात कसा लोंबेल ते कारणासकट खाली लिही. खांदा, कोपर, पंजा, तिन्हींचं वेगवेगळं. त्या कागदाचा फोटो मला रविवारी पाठव, लाल पेनाच्या दुरुस्त्यांसकट. फेअर केलेला आला तर मी बघणार नाही.

आईने दिलेला डबा परत आणायला विसरू नकोस.

तुझी,
ताई